खाल्लं, आणि कणही उरला नाही

मराठीला खाण्याचं वावडं कधीच नव्हतं. आपण हवा खातो, मार खातो, बोलणी खातो. कुणी पैसे खातो, कुणी शेण खातो. आणि नाटक सुटल्यावर जिना उतरताना कुणीतरी म्हणतंच, ‘नायक बरा होता हो, पण त्या म्हातारीनं भाव खाल्ला.’ म्हणजे खाणं ही दादसुद्धा असू शकते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तरीही कॉलेजातल्या मुलामुलींच्या बोलण्यात हल्ली जे इंग्रजी कौतुक ऐकू येतं, त्यानं आपण जरा दचकतो. स्नेहसंमेलनात एखादी मुलगी नाचून खाली उतरते आणि मैत्रिणी ओरडतात, ‘शी एट अँड लेफ्ट नो क्रम्ब्ज!’ शब्दशः पाहिलं तर, तिनं खाल्लं आणि ताटात कणही उरू दिला नाही. दुसरी म्हणते, ‘शी अंडरस्टूड द असाइनमेंट!’ म्हणजे नेमून दिलेलं काम काय होतं, ते हिला बरोबर कळलं.

माझ्या वयाची माणसं यावर दोन आक्षेप घेतात. एक, हे काय खाणं-पिणं लावलंय? आणि दुसरा आक्षेप अधिक गंभीर. इतकं टोकाचं का बोलायचं? ‘छान नाचलीस’ म्हटलं तर काय बिघडतं? मला हा दुसरा प्रश्न मोलाचा वाटतो, कारण त्याला खरोखरीचं उत्तर आहे आणि ते इतिहासात आहे. या अतिशयोक्तीला एक पत्ता आहे. तो पत्ता न्यूयॉर्क शहरातल्या हार्लेम या वस्तीचा.

हार्लेम ही काळ्या अमेरिकनांची मोठी वस्ती. तिथं ‘हॅमिल्टन लॉज’ नावाच्या एका काळ्या बंधुसंघाचा वार्षिक मुखवटा-नृत्याचा सोहळा १८६९ पासून होत असे. पुढं या सोहळ्यात स्त्रीवेश करून येणाऱ्या पुरुषांचं प्रमाण वाढलं, आणि १९२०-३० च्या दशकांत तर तो पाहायला हजारो माणसं लोटू लागली. कवी लँगस्टन ह्यूज यांनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात या सोहळ्यांबद्दल लिहिलं आहे. या सोहळ्यांना ‘बॉल’ म्हणत. तिथं पोशाखाला, चालीला, रूपाला बक्षिसं मिळत.

पण बक्षीस म्हटलं की परीक्षक आले, आणि परीक्षक आले की त्यांची नजर आली. १९६७ साली न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये स्त्रीवेशधारी स्पर्धकांची एक मोठी सौंदर्यस्पर्धा झाली. तिच्यावर ‘द क्वीन’ नावाचा माहितीपट निघाला, म्हणून तिथं काय झालं ते आजही डोळ्यांनी पाहता येतं. मुकुट हार्लो या गोऱ्या स्पर्धकाला मिळाला. क्रिस्टल लबेजा ही काळी स्पर्धक मंचावरून निघून गेली आणि कॅमेऱ्यासमोर तिनं निकाल आधीच ठरलेला असल्याचा आरोप केला. तिच्या त्या संतापाच्या मिनिटा-दोन मिनिटांतून पुढचा सगळा इतिहास निघाला, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला क्रिस्टल आणि तिची मैत्रीण लॉटी यांनी हार्लेममध्ये काळ्या स्पर्धकांसाठी स्वतःचा बॉल भरवला आणि त्याला नाव दिलं ‘हाऊस ऑफ लबेजा’. पॅरिसच्या कपड्यांच्या पेढ्यांना ‘हाऊस’ म्हणतात, तिथून हा शब्द घेतला. पण अर्थ झाला आपल्या ‘घराण्या’चा. घराण्याला एक आई, एक वडील, त्यांच्या हाताखाली मुलं. मुलं आडनाव घराण्याचं लावणार. घरातून हाकलून दिलेल्या समलिंगी आणि ट्रान्सजेंडर पोरांना हे घराणं म्हणजे केवळ उपमा नव्हती. पुष्कळांना डोक्यावर छप्पर आणि पोटात घास त्याच आईकडून मिळत होता.

आता या बॉलची रीत पाहू, कारण आपले शब्द त्या रीतीतून आले आहेत. कार्यक्रमाआधी एक पत्रक निघतं. त्यात ‘कॅटेगरी’, म्हणजे स्पर्धेचे प्रकार, आणि प्रत्येक प्रकाराची अट लिहिलेली असते. १९८० च्या दशकात यातला ‘एक्झिक्युटिव्ह रिअलनेस’ हा प्रकार गाजला. अट अशी, की स्पर्धकानं वॉल स्ट्रीटवरच्या बड्या कंपनीतला अधिकारी दिसायचं. नाटकातला अधिकारी नव्हे. सकाळी खऱ्या अधिकाऱ्यांच्या गर्दीत सोडून दिला तर ओळखू येऊ नये, असा. ‘रिअलनेस’चा अर्थच हा, अस्सलपणा.

एखादा तरुण या प्रकारात उतरला असं समजा. प्रत्यक्षात त्याला असल्या कचेरीत कुणी शिपाई म्हणूनही ठेवणार नाही. तो सूट मिळवतो, उसना किंवा कसाही. टायची गाठ, बुटांची चमक, हातातली ब्रीफकेस, काखेतलं वर्तमानपत्र, सगळं जमवतो. मग रात्री उशिरा निवेदक पुकारा करतो, टाळ्या आणि आरडाओरडा सुरू होतो, आणि तो दालनाच्या मध्यातून चालत परीक्षकांच्या टेबलापर्यंत जातो. परीक्षक त्याला हातभर अंतरावरून न्याहाळतात. कपड्याचा शिवण-टाका, मनगटावरचं घड्याळ, चालण्यातली घाई, मान वळवण्याची ढब. कोट पुरुषाचा की बाईचा, यावरून भर दालनात झालेलं एक भांडण ‘पॅरिस इज बर्निंग’ या १९९० च्या माहितीपटात टिपलेलं आहे. जेनी लिव्हिंग्स्टन या दिग्दर्शिकेनं १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात या मंडळींमध्ये वावरून तो चित्रपट केला. आज या विषयात ज्याला काही समजून घ्यायचं आहे, त्याला त्याच्यावाचून पुढं जाता येत नाही.

गुण दहापैकी मिळत आणि परीक्षक आकड्यांच्या पाट्या वर करीत. सगळ्यांनी दहाची पाटी धरली की निवेदक ओरडे, ‘टेन्स अक्रॉस द बोर्ड!’ पुढं ही पद्धत आणखी कडक झाली. पाटी दहाची, नाही तर ‘चॉप’, म्हणजे छाटलं. एकाही परीक्षकानं छाटलं तर स्पर्धक तिथंच बाद. ज्यांना सगळे दहा मिळाले त्यांची मग जोडीजोडीनं झुंज, आणि शेवटी करंडक एकालाच. या पद्धतीत सात गुण नाहीत, साडेआठ नाहीत, ‘प्रयत्न चांगला’ नाही. एक तर तुम्ही परिपूर्ण आहात, नाही तर दाराबाहेर.

माझ्या मते अतिशयोक्तीचं मूळ इथं आहे. ज्या मापाला दोनच खुणा आहेत, त्या मापाची भाषा मवाळ असूच शकत नाही. ‘छान नाचलीस’ हे वाक्य सात गुणांचं आहे. त्या दालनात सात गुण म्हणजे छाटणं.

आता शब्दांकडे येऊ. या मंडळींच्या बोलीत रूप दाखवणं याला ‘सर्व्ह’ म्हणतात, म्हणजे वाढणं. चेहरा वाढायचा, पोशाख वाढायचा. पाहणाऱ्यानं थक्क होऊन गप्प होणं याला ‘गॅग’, म्हणजे घशात अडकणं. स्वयंपाकघरच म्हणा ना! जुन्या अमेरिकन इंग्रजीत प्रेक्षकांना एखादी गोष्ट फार आवडली तर त्यांनी ती ‘खाऊन टाकली’ असं म्हणत. इथं खाणारा बदलला. प्रेक्षकाऐवजी कलाकारच खाऊ लागला, गाणं खाल्लं, रंगमंच खाल्ला, तो पोशाख खाल्ला. आधी काय खाल्लं ते सांगत. पुढं कर्म गळून पडलं आणि उरलं नुसतं ‘शी एट’.

मग कणांचं काय? त्यासाठी या बोलीतला आणखी एक शब्द लक्षात घ्यावा लागतो, ‘रीड’. रीड म्हणजे वाचणं, पण इथं समोरच्याचा एखादा उणेपणा नेमका हेरून चारचौघांत बोलून दाखवणं. डोरियन कोरी या जुन्या जाणत्या कलावंतानं त्या माहितीपटात, आरशासमोर रंग लावता लावता, हे फार निवांतपणे समजावून दिलं आहे. ‘कण उरला नाही’ हे शेपूट सर्वत्र ऐकू येऊ लागलं ते अलीकडे, २०२० नंतरच्या काही वर्षांत. पण मला त्यात जुन्या परीक्षकाची नजर दिसते. कण म्हणजे उरलेली चूक. बाईच्या कोटाचं बटण, सुटलेला टाका, गडबडलेलं पाऊल. कण उरला नाही म्हणजे वाचणाऱ्याला वाचायला काही ठेवलं नाही.

या दुहेरी बोलण्याचं आणखी एक मूळ दाखवता येतं. झोरा नील हर्स्टन या काळ्या लेखिकेनं १९३४ साली आपल्या लोकांच्या बोलण्याच्या लकबींवर एक निबंध लिहिला. ती म्हणते, ही माणसं भाषेला दागिना घातल्याशिवाय राहत नाहीत. तिनं दिलेल्या नमुन्यांत ‘किल-डेड’ असा एक जोडशब्द आहे, म्हणजे मारून वर पुन्हा मेलेला. नुसतं मारणं पुरत नाही, मेल्याची खात्री हवी. ‘खाल्लं आणि कण उरला नाही’ याची घडण तशीच आहे. आणि आपणही ‘ताट चाटूनपुसून लख्ख केलं’ म्हणतोच की.

‘असाइनमेंट’ हा शब्द मात्र सरळ शाळेतला. ‘द असाइनमेंट’ याच नावाचं टे मनी या गायिकेचं गाणं २०२१ साली टिकटॉकवर गाजलं आणि हा वाक्प्रचार घरोघर पोचला. तो हार्लेममध्ये घडला असं मी म्हणणार नाही. पण त्यातला विचार आणि पत्रकावरच्या अटीमागचा विचार एकच आहे. तुम्ही कितीही देखणे असा, कॅटेगरी अधिकाऱ्याची असताना नवरदेव बनून आलात तर छाटले जाणार. इथं कौतुक सौंदर्याचं नाही, आकलनाचं आहे.

याचं एक नमुनेदार उदाहरण २०१९ सालच्या मे महिन्यातलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या वार्षिक मेजवानीला दरवर्षी पोशाखाचा एक विषय दिलेला असतो. त्या वर्षी विषय होता ‘कॅम्प’, म्हणजे मुद्दाम केलेला भडकपणा, कृत्रिमतेचा आनंद. काही पाहुणे नेहमीच्या नीटस काळ्या सुटात आले. त्यांच्या सुटात खोट काही नव्हती, पण विषय बाजूला राहिला. बिली पोर्टर हा नट मात्र सोनेरी पंख लावून, सहा पुरुषांच्या खांद्यावरच्या पालखीत बसून आला. लेडी गागानं पायऱ्यांवर उभ्या उभ्या एकावर एक चार पोशाख दाखवले. एरवी हा आचरटपणा ठरला असता. त्या संध्याकाळी तो अचूकपणा होता. नेमून दिलेलं काम कळणं म्हणजे हे. आणि बिली पोर्टर हे ‘पोझ’ या दूरदर्शन मालिकेत हार्लेमच्या बॉलचे निवेदक झाले होते, हा काही निव्वळ योगायोग नाही.

मी मुशायऱ्यांत आणि कविसंमेलनांत बसलेला माणूस आहे, त्यामुळं मला ही दाद परकी वाटत नाही. मुशायऱ्यातही मधलं माप नसतं. शेर पोचला तर ‘वाह’ उसळते, ‘मुकर्रर’ म्हणून पुन्हा वाचायला लावतात. नाही पोचला तर शांतता, आणि ती शांतता म्हणजे चॉप. एखाद्यानं सर्वांवर मात केली तर ‘मुशायरा लूट लिया’ म्हणतात. कुणाला लुटलं, असं तिथं कुणी विचारत नाही. कोल्हापूरकडे ‘नाद खुळा’ म्हणतात तेव्हाही कुणाला वेड लागलेलं नसतं. समोरासमोरच्या दादीला टोक असतंच. फरक एवढाच, की आमच्याकडे शेर पडला तर शायर खाली मान घालून घरी जातो. हार्लेममधल्या पोरांना घरी जाणंच अवघड होतं.

कारण ‘रिअलनेस’ ही केवळ कला नव्हती. बाईसारखं दिसणारं पोर पहाटे भुयारी रेल्वेनं घरी जाताना ओळखू आलं, तर मार बसे. अस्सल दिसणं म्हणजे अंगावर ओरखडा न उमटता घरी पोचणं. परीक्षकांची दहाची पाटी म्हणजे, रस्त्यावर तू निभावशील, अशी आपल्या माणसांनी दिलेली ग्वाही होती. आणि ती ग्वाही नेहमी पुरत नसे. त्या माहितीपटात व्हीनस एक्स्ट्राव्हागान्झा ही ट्रान्सजेंडर तरुणी आहे, नाजूक, गोड बोलणारी, संसाराची स्वप्नं सांगणारी. चित्रीकरण चालू असतानाच, १९८८ च्या डिसेंबरात, न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खोलीत तिचा खून झालेला आढळला. ती अवघी २३ वर्षांची होती. पुढं एड्सनं या घराण्यांमधली कितीतरी माणसं नेली. तिची घराण्यातली आई, अँजी एक्स्ट्राव्हागान्झा, १९९३ साली गेली. ज्यांच्या वाट्याला बाहेर कुणाचाच चांगला शब्द येत नव्हता, त्यांनी आत एकमेकांना शब्द दिला तो पुरेपूर दिला. हात आखडता घेण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती.

तिथून हे शब्द टप्प्याटप्प्यानं बाहेर आले. १९९० मध्ये मॅडोनाचं ‘व्होग’ गाणं आलं, त्याचा नाच याच दालनांतला आणि नाचणाऱ्यांत एक्स्ट्राव्हागान्झा घराण्याचे दोन तरुण. त्याच वर्षी तो माहितीपट. २००९ पासून ‘रुपॉल्स ड्रॅग रेस’ ही दूरदर्शनवरची स्पर्धा, २०१८ मध्ये ‘पोझ’, २०२२ मध्ये बियॉन्सेचा ‘रेनेसाँ’ हा गीतसंग्रह. २०२० च्या जूनमध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली, पण त्याच सुमारास इन्स्टाग्रामनं छोटे व्हिडिओ सुरू केले, आणि त्या वाटेनं ही बोली आपल्या कॉलेजांच्या कट्ट्यापर्यंत पोचली.

या प्रवासात दोन गोष्टी हरवल्या. पहिली, शब्दाचं मूळ गाव. अमेरिकेत २०२१ साली ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात नव्या पिढीच्या बोलीवर एक प्रहसन झालं. त्यात जे तरुणांचं म्हणून हसण्यावारी नेलं, त्यातलं बरंचसं मुळात काळ्या अमेरिकनांचं आहे, अशी टीका त्यावर झाली. दुसरी हरवलेली गोष्ट म्हणजे परीक्षक. दहाची पाटी राहिली, छाटणारा हात गेला. मग कुणी नवीन चप्पल घातली तरी ‘खाल्लं’, कुणी चहा केला तरी ‘खाल्लं’. माप दोन खुणांचं होतं, त्यातली एक खूण पुसली गेली. एकच खूण असलेल्या मापानं काय मोजणार?

पण बोली असा तोटा फार दिवस सोसत नाही. ती आपली दुरुस्ती करते. आता हीच मुलं म्हणतात, ‘तिला वाटलं, तिनं खाल्लं.’ एवढ्या एका ‘वाटलं’नं छाटणी परत आली. किंवा म्हणतात, ‘खाल्लं, पण कण सांडले.’ म्हणजे साडेआठ गुणांची सोयही झाली. आणि दाद खरी की पोकळ, हे ओळखायला एक साधी खूण आहे. बोलणाऱ्याला विचारावं, ‘काय खाल्लं?’ ज्यानं पाहिलं असेल तो सांगेल, ‘ती दुसऱ्या कडव्यातली गिरकी.’ किंवा ‘ठसक्याच्या जागी ती एकदम थांबली ते.’ म्हणजे गळून पडलेलं कर्म तो जागेवर आणून ठेवील. ज्यानं पाहिलंच नाही, तो तेच वाक्य पुन्हा, पण मोठ्यानं म्हणेल.

म्हणून मुलांच्या या बोलण्याला नाक मुरडणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच, की त्यातला मोठा आवाज हा पोरकटपणा समजू नका. हा आवाज बंद दालनात, पहाटेच्या सुमारास, एकमेकांना जगवण्यासाठी चढवलेला होता. आणि मुलांनाही सांगायचं तर, दहाची पाटी जरूर वर धरा. मात्र ती धरण्याआधी, त्या परीक्षकांसारखं हातभर अंतरावर जाऊन, कोटाची बटणं बघून घ्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)